३.६ मीटर खोल चराची भिंत ढासळली, पण मातीचा ढीग होता त्याच्या उलट बाजूची. असं का?

साइट_परभणी
नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी भुयारी गटाराचं काम चालू आहे, तिथं मी गुत्तेदाराकडून साइट इंजिनिअर आहे. मंगळवारी दुपारी चराची सात मीटर लांब भिंत आत आली. आत कोणी नव्हतं आणि कोणाला खरचटलंही नाही. पण ती ज्या बाजूने आली ते मला उमगत नाही, म्हणून इथे विचारतोय.

माहिती अशी. ६०० मिलीमीटरचे एनपी-३ ह्यूम पाइप टाकतोय. त्या ठिकाणी चर ३.६ मीटर खोल आणि तळाला १.५ मीटर रुंद, दोन्ही बाजू जवळपास उभ्या. वर अर्धा मीटर रस्त्याचा भराव, खाली २.७ मीटरपर्यंत काळी माती (शेवटचा अर्धा मीटर पिवळसर, चुनखडीचे खडे असलेली), त्याखाली मऊ मुरूम. तळात पाणी नव्हतं.

पूर्वेला खोदाईचा माल, काठापासून साधारण एक मीटरवर, दीड मीटर उंच ढीग. पोकलेनही त्याच बाजूने फिरत होतं. पश्चिमेला काहीच नाही. मोकळा रस्ता साधारण सव्वादोन मीटर आणि मग एका घराची कंपाउंड भिंत. पडली ती पश्चिमेची!

शोअरिंग म्हणाल तर उभ्या फळ्या, त्यांना आडवे वेलर आणि १२ सेंटिमीटरच्या बल्ल्या, वरखाली दोन रांगा, बल्ल्यांमध्ये १.२ मीटर अंतर. मागच्या टप्प्यात ते जागेवर होतं. पडलं तिथं मात्र सकाळीच बल्ल्या काढल्या होत्या, कारण अडीच मीटरचा पाइप १.२ मीटरच्या फटीतून खाली जातच नाही.

चर रविवारी उघडला. सोमवारी रात्री वळवाची जोरदार सर झाली, अर्धा-पाऊण तास. मंगळवारी सकाळी तळ कोरडाच होता. साडेबाराच्या सुमारास मुकादमाने चौघांना वर बोलावलं, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी भिंत आली.

आमच्या साहेबांचं म्हणणं, पाऊस झाला आणि पडली, विषय संपला. मला ते पटत नाही. पाऊस दोन्ही बाजूंना सारखाच पडला ना?

लातूरकर_गुत्तेदार
वीस वर्षं हेच काम करतोय. मालाचा ढीग काठावर, पोकलेन काठावर, मग चर पडणार नाही तर काय होणार? बाजू कोणतीही असो, मशीनचा हादरा दोन्हीकडे जातो. आणि एक सांगतो, मे महिन्यात काळी माती दगडासारखी असते. पहार मारली तर ठिणगी उडते. आम्ही चार-चार मीटर बिनशोअरिंगचं खोदलंय उन्हाळ्यात, काही झालं नाही. तुमची पावसाने पडली, साहेब बरोबर बोलतायत. पाऊस झाला की दोन दिवस काम बंद ठेवायचं, एवढंच.

कालवा_निवृत्त
साइट_परभणी, प्रश्न चांगला विचारलात. उत्तर देण्याआधी काही गोष्टी हव्यात.

१. पडल्यावर मागे जो घाव राहिला तो कसा दिसतो? वरपासून खालपर्यंत सरळ, की खाली तिरका? पृष्ठभाग खडबडीत की गुळगुळीत?
२. भिंत तळापासून निघाली की मुरमाच्या वरून?
३. पश्चिमेला रस्त्याखाली जुनं काही आहे का? नळाची लाइन, केबल, बुजवलेली गटार?
४. मुकादमाने माणसं वर का काढली? त्याने काय पाहिलं ते त्याच्याच शब्दांत सांगा.

लातूरकर, मशीनच्या हादऱ्याबद्दल नंतर बोलू. ढीग पूर्वेला आणि पडली पश्चिम, हे नुसत्या हादऱ्याने सुटत नाही.

हिंगोलीचा_शेतकरी
आमच्याकडं बी असंच झालं. विहिरीची कड ढासळली मागच्या साली, चाळीस फुटावरची. कड बांधून घ्यायला सांगत होते पण पैसे नव्हते. आता विहीर निम्मी बुजली. गाळ काढायला क्रेनवाला किती घेतो कुणी सांगील का? आन सरकारी मदत मिळती का याला?

साइट_परभणी
काका, विहिरीचा विषय वेगळा आहे, त्यासाठी स्वतंत्र धागा काढा, इथे विहिरीवाले बरेच आहेत.

कालवा_निवृत्त सर, आज जाऊन नीट बघून आलो.

घाव वरचा साधारण १.४ मीटर एकदम उभा. तो काठापासून ९० सेंटिमीटर मागे आहे. त्या उभ्या भागावर मुरमाचे खडे चिकटलेले, आणि एका ठिकाणी जुनी विटेची तुकडी. १.४ च्या खाली घाव तिरका होतो आणि बरोबर मुरमाच्या माथ्याला, म्हणजे २.७ वर, चराच्या तोंडाशी बाहेर येतो. तिरका भाग गुळगुळीत आहे, काही ठिकाणी चकाकतो, जणू कोणी तेलाचा हात फिरवलाय. मुरूम जसाच्या तसा उभा आहे.

जुनी लाइन आहे. नगरपालिकेची पिण्याच्या पाण्याची. नकाशात ती रस्त्याच्या मधोमध दाखवलीय. प्रत्यक्षात ती त्या ९० सेंटिमीटरच्या मागेच निघाली, जुना १५० मिलीमीटरचा पाइप, घावात उघडा पडलाय. एका जोडातून पाणी झिरपतंय. ते आधीपासून झिरपत होतं की भिंत सरकल्यावर जोड सुटला, सांगता येत नाही.

मुकादम म्हणाला : "साहेब, सकाळपासून रस्त्यावर पश्चिमेला पाण्याचं डबकं होतं. जेवणाच्या आधी बघितलं तर डबकं गायब. ऊन होतं पण इतक्या लवकर कसं आटंल? मग नालीत बघितलं, कमरेच्या वर भिंतीतून ढेकळं सुटत होती, आणि ओल आल्यासारखी रेघ दिसली. म्हणलं, वर या आधी."

कालवा_निवृत्त
तुमच्या मुकादमाला माझा नमस्कार सांगा. डबकं एकाएकी नाहीसं होणं हा अशा जागी सर्वांत मोठा इशारा. पाणी वाफ होऊन गेलं नाही, ते जमिनीत शिरलं. आणि कोरड्या काळ्या मातीत ते नुसतं मुरत नाही, वाट सापडली तरच जातं.

आता काय झालं असावं ते सांगतो. जुनी लाइन टाकताना १.४ मीटर खोल चर खोदला होता, तो मुरूम, विटा, काळी ढेकळं असं हाताशी येईल त्याने बुजवला. कुटाई बहुधा झालीच नाही. म्हणजे रस्त्याखाली एक पोकळसर पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंना आणि खाली घट्ट काळी माती. तो पट्टा म्हणजे एक हौद. रस्त्यावरचं पाणी त्यात सहज उतरतं, पण काळी माती त्याला बाहेर जाऊ देत नाही.

तुम्ही त्या हौदाला समांतर नवा चर खोदलात. मध्ये उरला फक्त ९० सेंटिमीटर जाडीचा काळ्या मातीचा पडदा. त्याला मागच्या मातीचा काहीच धर नव्हता, कारण मागे भराव होता. पूर्वेला असा पट्टा नाही, तिथं माती अखंड आहे. फरक तिथं आहे, ढिगात नाही.

आता पाण्याचा जोर बघा. १.४ मीटर पाणी उभं राहिलं तर दर मीटर लांबीला साधारण एक टनाचा आडवा रेटा येतो. पाणी खोलीच्या वर्गाने जोर वाढवतं, म्हणून खोली दुप्पट झाली की रेटा चौपट. हा टनभर रेटा पडद्याच्या पाठीला लागला. खाली मातीत आधीच गुळगुळीत पृष्ठभाग असतातच. काळी माती दर वर्षी फुगते-आकसते तेव्हा तिच्या आत ढेकळं एकमेकांवर घासली जातात आणि ते चकाकणारे पापुद्रे तयार होतात. तुम्ही पाहिलेली चकाकी तीच. घसरण्याची वाट मातीने आधीच आखून ठेवली होती.

९० सेंटिमीटर मागे आणि १.३ मीटर खाली, म्हणजे तिरकस घाव ५५ अंशांचा. असा कोन अशा मातीत अगदी स्वाभाविक आहे. आकार धरला तर लांबीच्या दर मीटरला १.८ घनमीटर, सात मीटरला १३ घनमीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास २३ टन. चौघं आत असते तर पुढचं लिहायला नको.

लातूरकर_गुत्तेदार
सर, मानलं, जुन्या लाइनचं खरं असेल. पण मग उन्हाळ्यात काळी माती उभी राहते हे चुकीचं कसं? मी प्रत्यक्ष पाहिलंय. हातात ढेकूळ घ्या, फुटत नाही.

कालवा_निवृत्त
ढेकूळ फुटत नाही हे बरोबर. पण चराची भिंत ढेकळाची नसते, ढेकळांची असते. मेमध्ये काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा, खोल, कधी मीटरच्या पुढे. ढेकूळ मोजून भिंतीची ताकद काढायची म्हणजे एक वीट तपासून मसाल्याशिवाय रचलेल्या भिंतीचा भरवसा द्यायचा.

आकडा हवा असेल तर घ्या. समजा माती मध्यम चिवट आहे, न निचरलेली चिकटाची ताकद २५ किलोपास्कल, वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन. पुस्तकातला सरळ हिशोब सांगतो की ती साडेपाच मीटरपर्यंत उभी राहील. तुम्ही चार मीटर उभं राहिलेलं पाहिलंत ते याच कारणाने. आता वरच्या भागात भेगा धरल्या की तोच आकडा ३.७ वर येतो. तुमच्या ३.६ ला शून्य सवलत उरली. भिजून ताकद १५ झाली तर २.२ मीटर. आणि भेगेत पाणी उभं राहिलं तर त्याहून कमी. माती एकच, खोदणारे तेच, एका रात्रीच्या सरीने गणित उलटतं.

शिवाय खोदल्यावर पहिले काही तास-दिवस भिंत उभी राहणं याला मोठा अर्थ नाही. मातीतला ओढा हळूहळू सैल होतो. रविवारी उघडला, मंगळवारी पडला, हे चिकणमातीचं नेहमीचं वेळापत्रक.

पोकलेनवाला_जालना
मी ऑपरेटर आहे. इंजिनिअर साहेब लोक बरोबर बोलतात पण एक गोष्ट सांगतो. आम्हाला ढीग लांब टाका म्हणतात. रस्ता पाच मीटर, एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला घर. लांब कुठं टाकू? हायवा मागवा म्हणावं, तर मालक म्हणतो ट्रिपचे पैसे कोण देणार.

आणि नाली खोदताना बकेटला माती वेगळी लागली तर आपल्याला कळतं. घट्ट काळीत बकेट ओढावं लागतं, भराव आला की सपकन येतं. त्या दिवशी ऑपरेटर पश्चिमेच्या काठाजवळून गेला असता तर त्याला कळलं असतं. पण तो पूर्वेला होता.

सेफ्टीताई_संभाजीनगर
मी एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे, मातीकाम माझा विषय नाही. पण वाचून राहवत नाही. साइट_परभणी, तुमचा प्रश्न भिंत कोणत्या बाजूची पडली हा आहे. माझा प्रश्न असा की सकाळी बल्ल्या काढल्यावर चार माणसं त्या भागात उतरली कशी?

३.६ मीटर म्हणजे माणसाच्या उंचीच्या दुप्पट. केंद्रीय सार्वजनिक बांधकामाच्या सुरक्षा नियमांत दीड मीटरपेक्षा खोल चराच्या बाजू एकतर पायऱ्या करून उताराने घ्यायच्या, नाहीतर लाकडी आधाराने धरायच्या असं आहे. माल काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मा, यातलं जे जास्त असेल तितका दूर. तुमच्याकडे ते १.८ मीटर येतं, आणि तुम्ही एकावर ठेवला होता. १.२ मीटरच्या पुढे शिडी हवी, दर ३० मीटरला किमान एक, काठाच्या वर ९० सेंटिमीटर आलेली. शिडी होती का?

आणि माणसं वाचली ती मुकादमामुळे. तो त्या दिवशी सुट्टीवर असता तर?

साइट_परभणी
ताई, शिडी एक होती, पण ती मागच्या टप्प्यात, पडलेल्या जागेपासून अठरा-वीस मीटरवर. माणसं त्या शिडीने नव्हे, शेजारच्या टप्प्यातल्या बल्ल्यांना धरून चढली.

बल्ल्या का काढल्या ते लिहिलंच आहे. पाइपचं वजन टनाच्या आसपास, साखळीला लावून पोकलेनने सोडतो. तो आडवा फिरवायला मोकळी जागा लागते. पर्याय काय आहे तेच शोधतोय. अजून चोवीस मीटर बाकी आहेत, जुनी लाइन त्याच बाजूने जातेय, आणि पलीकडे कंपाउंड भिंत.

कालवा_निवृत्त सर, पूर्वेची बाजू का नाही पडली? तिथं ढीग होता, मशीन होतं, आणि नियमापेक्षा जवळ होतं.

कालवा_निवृत्त
पूर्वेला बघून आलात का? मला वाटतं काठ आणि ढीग यांच्या मध्ये काठाला समांतर भेग असणार. ढिगाचं वजन भेग उघडतं, पण ती बाजू पडली नाही याचं एक कारण असं असू शकतं की ढिगाने खालची जमीन झाकली आणि रात्रीचं पाणी भेगांत गेलं नाही. पश्चिमेला रस्ता उघडा होता, तिथं गेलं. म्हणजे ढीग तिथं ताडपत्रीचं काम करून गेला असावा. हा माझा तर्क आहे, तपासलेला नाही. पूर्वेची बाजू भक्कम आहे असा त्यातून अर्थ काढू नका. ती पडायची बाकी आहे एवढंच समजा.

साइट_परभणी
हो सर, भेग आहे. काठापासून ४० सेंटिमीटरवर, चार मीटर लांब. दोन ठिकाणी पट्टी घालून पाहिली, पंधरा-वीस सेंटिमीटरनंतर अडकते, त्यापुढे वाकडी जात असेल.

लातूरकर_गुत्तेदार
ताडपत्रीचा तर्क मला पटत नाही. ढीग सैल असतो, त्यातून पाणी खाली जातंच. मुरमाच्या ढिगातून तर सरळ जातं. माझं म्हणणं असं, पूर्वेला मशीन फिरल्यामुळे वरची माती दाबून घट्ट झाली.

कालवा_निवृत्त
लातूरकर, तुमचं म्हणणं वरच्या तीस-चाळीस सेंटिमीटरपुरतं बरोबर असू शकतं. सैल काळ्या मातीचा ढीग भिजला की त्याच्या वरच्या थरात चिखल होऊन पाणी अडतं, मुरमाचा असेल तर तुम्ही म्हणता तसं होईल. ढीग कशाचा होता हे साइटवाल्यांनीच सांगावं.

आता पुढच्या चोवीस मीटरबद्दल. पाइप टाकायचा म्हणून आधार काढणं हा सर्वांत धोक्याचा क्षण, कारण तेव्हाच माणसं आत असतात. म्हणून आधाराची रचनाच पाइपच्या लांबीला धरून करायची. बल्ल्यांमधलं अंतर ३ मीटर ठेवलं तर अडीच मीटरचा पाइप सरळ खाली जातो. पण अंतर वाढलं की प्रत्येक बल्लीवर येणारा भार वाढतो.

आधार दिलेल्या घट्ट चिकणमातीत या खोलीला चौरस मीटरला साधारण दोन टन दाब धरतात. १.२ मीटरच्या जाळीत एका बल्लीला २.९ टन येतात. अंतर ३ मीटर केलं, वरखाली १.२ मीटरच ठेवलं, तर ७.२ टन. १२ सेंटिमीटरची बल्ली नुसत्या दाबात ते कदाचित पेलेल, पण मधला वेलर पेलणार नाही. २० सेंटिमीटर चौरस लाकडाचा वेलर ३ मीटरच्या फटीत वाकून मोडेल. त्याजागी २०० मिलीमीटरचं लोखंडी चॅनल घ्या, शक्यतो जोडीने, आणि बल्लीऐवजी स्क्रू जॅकचा लोखंडी आधार. काळी माती भिजून फुगली की आणखी दाब येतो, तो यात धरलेला नाही. म्हणून वरच्या पाण्याची वाट बंद करणं हिशोबाआधी येतं.

फळ्या सलग लावा, मध्ये फट ठेवू नका. फट ठेवायची पद्धत घट्ट मुरमाला चालते, भेगाळलेल्या काळ्या मातीला नाही. ढेकळं फटीतून गळली की मागे पोकळी होते, आणि पोकळीत पुढचा भाग येऊन आदळतो.

पोकलेनवाला_जालना
सर, बरोबर पण चॅनल आत उतरवायला माणूस आत जाणारच ना?

कालवा_निवृत्त
चांगला प्रश्न. वरून खाली लावत जायचं. पहिली रांग एक मीटर खोदल्यावरच, म्हणजे माणूस छातीपर्यंतच खाली असतो. पुढची खोदाई त्या रांगेखाली, मग दुसरी रांग, आणि आधार लावलेल्या भागाच्या पुढे कोणी उतरायचं नाही. काढताना उलट, खालची रांग आधी, पण खालचा भाग बुजवून कुटून झाल्यावर. आधी काढून मग बुजवायचं नाही. बुजवताना फळ्या टप्प्याटप्प्याने ओढल्या तर त्यांच्या मागे पोकळी राहते, तीही भरायची. कंपाउंड भिंत जवळ असेल तर फळ्या काढूच नका, बुजवून टाका. लाकडाचा खर्च भिंतीच्या दुरुस्तीपेक्षा कमी.

दुसरा उपाय म्हणजे लोखंडी ट्रेंच बॉक्स, दोन प्लेटा आणि मध्ये आधार. पोकलेनने बॉक्स पुढे ओढत न्यायचा, माणसं आत. पण बॉक्स भिंत धरत नाही, माणसं वाचवतो. बाजूची माती बॉक्सवर येऊन टेकली तरी वरचा रस्ता खचणार आणि कंपाउंड भिंतीला तडा जाणार. शिवाय भाड्याने मिळेल का ते बघावं लागेल.

हिंगोलीचा_शेतकरी
आमच्या गावातल्या नळाच्या कामात तीन फूट खोदून पाइप टाकला. तिथं तर कोणी फळी लावली नाही. मग तिथं बी चुकीचं झालं का?

सेफ्टीताई_संभाजीनगर
तीन फुटाला सहसा लागत नाही हो काका. छातीच्या वर माती आली की धोका. तरी वाकून काम करणाऱ्या माणसाला तीन फुटांतही दाबून टाकता येतं, ते लक्षात असू द्या.

साइट_परभणी
आजचा अहवाल. सरांच्या सांगण्यावरून पुढच्या चोवीस मीटरमध्ये तीन चाचणी खड्डे हाताने घेतले, आठ-आठ मीटरवर. पहिल्यात जुनी लाइन चराच्या काठापासून ८५ सेंटिमीटरवर, दुसऱ्यात ७०, तिसऱ्यात ती तिरकी होऊन आमच्या चराच्या रुंदीतच येते. म्हणजे तिथं ती आडवी येणार.

नगरपालिकेच्या माणसाने झडप बंद केली. तात्पुरती प्लास्टिकची लाइन वरून टाकून देतो म्हणाला. दोन दिवस म्हणाला म्हणजे पाच समजतो.

माल आता पूर्वेला ठेवत नाही, सरळ हायवात भरून मागच्या बुजवलेल्या भागावर नेतो. ढीग कशाचा होता ते सांगतो. वरचा अर्धा मीटर रस्त्याचा मुरूम आधी निघाला, तो तळाला. त्यावर काळी. म्हणजे लातूरकर साहेब आणि सर दोघांचं म्हणणं निम्मं-निम्मं बसतं, काय समजायचं?

लातूरकर_गुत्तेदार
मी आधीच म्हणालो ना. 🙂

बरं, एक व्यवहाराचं विचारतो. आमच्या निविदेत खोदकामाच्या दरातच शोअरिंग धरलेलं असतं, वेगळं काही मिळत नाही. खोली वाढली तसा दर वाढतो पण चॅनल आणि जॅकचा खर्च त्यात निघत नाही. सर, तुम्ही खात्यात होता. ज्यादा बाब मागता येते का?

कालवा_निवृत्त
मागता येते, मिळेल असं नाही. नकाशात चुकीच्या जागी दाखवलेली जुनी लाइन हे मात्र तुमच्या हातातलं कारण नाही, म्हणून ते लेखी द्या. फोटो, चाचणी खड्ड्यांची मापं, झडप बंद केल्याची तारीख, आणि कोणाला कळवलं. शोअरिंगच्या मूळ खर्चासाठी ते कामी येणार नाही. पण जुनी लाइन हलवण्याचा आणि अरुंद रस्त्यात माल वाहून नेण्याचा खर्च वेगळा मागण्याला जागा आहे. निविदेची भाषा काय आहे ते पाहिल्याशिवाय ठाम सांगत नाही.

साइट_परभणी, तुमच्या तिसऱ्या खड्ड्याबद्दल. जुनी लाइन चराच्या आत आली म्हणजे तिथं जुना सैल पट्टा तुमच्या चराच्या दोन्ही बाजूंना कापला जाणार. त्या दोन्ही कापांत पाणी उतरू शकतं. तिथं सगळ्यात आधी वरचा १.४ मीटर पूर्ण मोकळा करा, जुना भराव काढून टाका आणि उताराने घ्या. मग पुढे २.२ मीटरच उभा राहतो. पडद्याची जाडी तपासण्यापेक्षा पडदाच काढलेला बरा.

साइट_परभणी
सर, त्यासाठी चराच्या दोन्ही बाजूंना आणखी मीटर-दीड मीटर रस्ता उकरावा लागेल. पश्चिमेला कंपाउंड भिंतीपर्यंत उरतंच किती? सव्वादोन वजा जे निघेल ते.

कालवा_निवृत्त
मग उतार देता येणार नाही. पूर्वेला द्या, पश्चिमेला फळ्या सलग ठेवा आणि भिंतीचा पाया किती खोल आहे ते आधी एक खड्डा घेऊन बघा. चराच्या तळापासून भिंतीच्या बाजूला वर ४५ अंशांची रेघ ओढली आणि पाया त्या रेघेच्या वर, चराच्या बाजूला आला, तर भिंत चरावर टेकतेय असंच समजायचं.

पोकलेनवाला_जालना
भिंतीवाल्याला आधी विचारा. आमच्या एका साइटवर भिंतीला केसासारखा तडा होता, काम झाल्यावर मालक म्हणाला तुमच्यामुळे झाला. त्यावर चुन्याचा ठिपका लावून तारीख टाकली असती तर भांडण झालं नसतं.

साइट_परभणी
आज सकाळी दोन तडे दिसले, जुनेच वाटतात. त्यावर प्लास्टरच्या पट्ट्या लावून तारीख टाकली, मालकाच्या समोर. भिंतीचा पाया उद्या उघडतो. पश्चिमेच्या फळ्या बुजवायच्या की काढायच्या ते त्यावर ठरवेन. पावसाचा अंदाज शनिवारचा आहे, तोवर पहिले आठ मीटर तरी झाकून होतील असं वाटतं.

सेफ्टीताई_संभाजीनगर
शनिवारच्या आधी काम झालं नाही तर?

साइट_परभणी
न झाल्यास उघडा राहिलेला भाग बुजवून टाकणार. दोन्ही बाजूंनी रस्त्याचं पाणी वळवायला मातीचा बांध घालतोय, आणि कोणी उतरायचं नाही असं मुकादमाला सांगून ठेवलंय. ताई, साइटवर त्याचा शब्द माझ्यापेक्षा जास्त चालतो.